स्क्रीन बंद, मनं सुरू?

वळवाच्या पावसानं या आठवड्यात आमच्या भागातली वीज घालवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर एकाच जातीचे फोटो येऊन पडले. मधोमध मेणबत्ती, भोवती घरचे सगळे, आणि खाली ओळ: ‘स्क्रीन बंद, मनं सुरू!’ फोटोत जे दिसतंय ते ओळीत पुन्हा लिहू नये, हे या सदरात मी इतक्यांदा लिहिलंय की जुने वाचक आता वैतागत असतील. तरी आज पुन्हा लिहितो, कारण या फोटोंच्या बाबतीत नुसत्या पुनरुक्तीपेक्षा मोठं नुकसान होतं.

एका परिचित घरातला फोटो घेऊ. उपड्या वाटीवर चिकटवलेली मेणबत्ती, सतरंजीवर आजी, तिच्या दोन्ही बाजूंना नातवंडं, मागे भिंतीला टेकलेला मुलगा. सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे, ओठ मिटलेले, हात मांडीवर. गप्पांचा म्हणून पाठवलेल्या या फोटोत एकही माणूस बोलत नाही!

त्याला कारण आहे. एका मेणबत्तीचा उजेड मीटरभर अंतरावर जेमतेम 1 लक्स पडतो. एरवी रात्री दिवे लागलेल्या बैठकीच्या खोलीत तो साधारण 50 ते 150 लक्स असतो. इतक्या कमी उजेडात मोबाइलचा नाइट मोड सेकंद-दोन सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ चित्रं टिपत राहतो आणि ती एकमेकांवर बसवतो. तेवढ्यात कुणी हात हलवला, मान वळवली, तर तिथे धुरकट पट्टा उमटतो. मग फोटो काढणारा म्हणतो, ‘हलू नका रे’, आणि गोष्ट अर्ध्यावर थांबते. अशा फोटोत एखादा हात फिसकटलेला दिसला तर मला आनंद होतो. तो माणूस खरंच काही सांगत होता, याची ती खूण असते. शिवाय नाइट मोड खोली आहे त्यापेक्षा बरीच उजळ दाखवतो. कोपऱ्यातलं कपाटसुद्धा स्पष्ट दिसतं, आणि अंधार किती होता हे फोटोवरून कळेनासं होतं.

म्हणजे गप्पा गेल्या, अंधारही गेला. हे दोन्ही परत आणण्याची जागा फोटोखालची ओळ हीच आहे आणि तिथे आपण घोषवाक्य लिहून मोकळे होतो.

मी त्या घरच्या सूनबाईंना फोन केला. फोटो त्यांनीच काढला होता. विचारलं, ‘आजी काय सांगत होत्या?’ त्या म्हणाल्या, ‘बहात्तरच्या दुष्काळाचं. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथे सुकडी मिळायची, ते. मुलांनी सुकडी म्हणजे काय ते विचारलं, मग तासभर तेच चाललं.’ आणि मोबाइल? ‘बॅटरी उतरत आली होती, म्हणून सगळ्यांनी ठेवून दिले. माझ्यातच थोडी होती.’

आता ही ओळ त्याच फोटोखाली ठेवून बघा: ‘मंगळवार, रात्री साडेआठ. वीज गेल्याला दोन तास झालेत, मोबाइलच्या बॅटऱ्या उतरल्यात. आई मुलांना 1972च्या दुष्काळातली खडी आणि सुकडी सांगतेय. फोटोसाठी तिला मध्येच थांबवलं.’

पहिली ओळ राज्यातल्या कुठल्याही घराला, कुठल्याही वर्षी चालेल. दुसरी दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली लागणारच नाही. पहिली म्हणते मनं सुरू झाली, पण मनाचा फोटो निघत नाही, तो लिहिणाऱ्याचा दावा असतो. दुसरीतलं प्रत्येक विधान खोलीतला माणूस पडताळून सांगू शकतो. मोबाइल कुणी निश्चयानं दूर सारले नव्हते, बॅटरी उतरली होती, हेही ती लपवत नाही. उद्या ही नातवंडं मोठी होऊन फोटो बघतील तेव्हा आजी काय बोलत होती हे त्यांना दुसरीकडे कुठेच सापडणार नाही.

वीज किती वेळ नव्हती, हे लिहिण्याचा माझा आग्रह जुनाच आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथेही संध्याकाळी माणसं दिव्याभोवतीच बसत होती. वर उडालेले पत्रे, बाहेर आडव्या झालेल्या माड-पोफळी, आणि विहिरीवरचा पंप बंद. दोन तासांचा अंधार आणि वीस दिवसांचा अंधार फोटोत अगदी सारखा दिसतो, त्यांतला फरक फक्त ओळच सांगू शकते. म्हणून वीज कधी गेली, कधी आली, कशानं गेली, हे त्याच रात्री लिहून ठेवा. तार तुटली होती की रोहित्र जळालं होतं, हे दुसऱ्या दिवशी वायरमनला विचारलं तर तो सांगतो. भर पावसात खांबावर तोच चढलेला असतो आणि एकाही फोटोखाली त्याचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही.