एक आणि एकच

मी हाटकेशला राहतो. मीरा रोडहून लोकलने कॉलेजला येताना हाताला चाळा म्हणून आकडेमोड करतो. याच पश्चिम रेल्वेवरील डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर झाले. त्यांची ती प्रसिद्ध क्रिया अशी: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करावी. सगळे अंक सारखे मात्र नसावेत, नाहीतर शून्यच उरते.

तीन अंकांत या क्रियेने न बदलणारी संख्या एक आणि एकच आहे, असे मी परीक्षेत सिद्ध केले. निदान तसे मला वाटले. निम्मे गुण गेले. रागावलो, पण तपासनिसांचेच बरोबर होते.

माझी मांडणी अशी. वजाबाकी नेहमी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाच्या ९९ पट येते. तो फरक 'क' म्हणू. ९९ क या संख्येचे अंक क−१, ९ आणि १०−क (०९९ मधले पुढचे शून्यही अंकच धरायचे). संख्या बदलायची नसेल तर हेच तिचे अंक. त्यांत सर्वांत मोठा ९, म्हणून सर्वांत लहान ९−क. तो १०−क असूच शकत नाही. तेव्हा ९−क = क−१, म्हणजे क = ५ आणि संख्या ४९५. येथे मी समाधानाने पेन खाली ठेवले!

वाचकहो, मी सिद्ध केले ते एवढेच की अशी संख्या असलीच तर ती ४९५. 'असली तर' हे दोन शब्द मी विसरलो. ९५४ − ४५९ = ४९५ ही एक ओळ लिहिली असती, तर अस्तित्वही सिद्ध झाले असते.

एका ओळीसाठी एवढा कडकपणा का, असे कोणी म्हणेल. त्याने दोन अंकी संख्या घ्याव्यात. तेथे उत्तर ९ च्या पटीत येते, म्हणून उमेदवार थोडेच: ०९, १८, २७, ३६, ४५ आणि त्यांची उलटी रूपे. त्यांच्या वजाबाक्या अनुक्रमे ८१, ६३, ४५, २७, ०९. एकही स्वतःवर परत येत नाही. सगळ्या एका चक्रात फिरत राहतात. 'एकाहून जास्त नाही' हे येथेही खरेच आहे, कारण एकही नाही!

आपल्या वर्गात 'एक आणि एकच' हे शब्द एका श्वासात म्हटले जातात, फळ्यावरही एकाच ओळीत लिहिले जातात. माझ्या मते अध्यापकांनी दोन स्वतंत्र मथळे द्यावेत: अस्तित्व आणि एकमेवता. कष्टही दोन्हीकडे सारखे नसतात. कापरेकरांच्या चार अंकी ६१७४ चे अस्तित्व ७६४१ मधून १४६७ वजा केले की संपते. दुसरी तशी नाही, हे दाखवायला मला चर्चगेटपर्यंतच्या दोन फेऱ्या लागल्या, आणि त्यांतली एक उभ्याने.