कालरेषेवरील दोन फुल्या

इंग्रजीच्या तासाला हल्ली काळ शिकविताना फळ्यावर किंवा अभ्यासपत्रिकेवर एक आडवी रेषा काढण्यात येते. तिच्यावर एका ठिकाणी 'आता' असे लिहून उभी खूण केलेली असते. घडून गेलेल्या गोष्टींच्या जागी फुल्या असतात, आणि जी गोष्ट चालत आली आहे तिच्यासाठी जाड रेघ असते. विद्यार्थ्याने खुणा पाहून क्रियापदाचे योग्य रूप लिहावयाचे असते. ही रीत चांगली आहे. परंतु आमची मुले रेषा वाचीत नाहीत, मनातले मराठी वाक्य वाचतात, आणि म्हणून चुकतात, असे माझे मत आहे.

दौंड तालुक्यातील केडगावचेच उदाहरण घेऊ. समजा, पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील काही गोष्टी रेषेवर मांडिल्या आहेत. १८८९ या सालाखाली एक फुली आहे : त्या वर्षी मुंबईस शारदासदन उघडले. १८९८ पासून 'आता' या खुणेपर्यंत जाड रेघ आहे : केडगावचे मुक्तिसदनाचे कार्य. पुढे १९२१ व १९२२ या सालांखाली दोन फुल्या आहेत : पहिली कन्या मनोरमाबाईंच्या मृत्यूची, दुसरी खुद्द रमाबाईंच्या मृत्यूची. दुसऱ्या फुलीपासून पहिलीकडे एक लहानसा बाण मागे वळलेला आहे.

पहिल्या फुलीपाशी बहुतेक मुले 'हॅड ओपन्ड' असे लिहितात. कारण उघड आहे. 'रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन उघडले होते' असे आपण मराठीत सहज म्हणतो. गोष्ट जुनी झाली की आपल्या तोंडी 'होते' येते. इंग्रजीत 'हॅड' हे जुनेपणाचे चिन्ह नव्हे. काल घडलेली गोष्ट आणि शतकापूर्वी घडलेली गोष्ट, दोहोंसही तेथे साधा भूतकाळच लागतो. फुली एकटी आहे, तिच्याखाली साल आहे आणि ती 'आता'पासून तुटलेली आहे. तेव्हा 'ओपन्ड' हेच उत्तर. त्याच कारणास्तव 'हॅज ओपन्ड इन १८८९' हेही चूक.

जाड रेघेपाशी दुसरा खड्डा आहे. 'मुक्तिसदन १८९८ पासून काम करीत आहे' या वाक्यातील 'आहे' पाहून मुले 'इज वर्किंग' लिहितात. परंतु रेघेस दोन टोके आहेत, एक १८९८ मध्ये व दुसरे 'आता'वर. नुसते 'इज' हे एकच टोक धरते. दोन्ही टोके धरावयाची तर 'हॅज वर्क्ड सिन्स १८९८' किंवा 'हॅज बीन वर्किंग' असे म्हटले पाहिजे.

आता त्या दोन फुल्या. येथे मी स्वतः एकदा अन्याय केला आहे. माझ्या पत्रिकेवर दोन फुल्या होत्या. मागे वळणारा बाण काढावयाचा मी विसरलो होतो. एका मुलीने 'मनोरमा डाइड इन १९२१ अँड रमाबाई डाइड इन १९२२' असे लिहिले, आणि मी 'हॅड' नाही म्हणून गुण कापले. तिने विचारले, "गुरुजी, मी क्रमाने सांगितले आहे, मग चुकले कोठे?" मजपाशी उत्तर नव्हते, कारण ती चुकलीच नव्हती. गोष्टी घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या तर साधा भूतकाळ पुरतो. १९२२ पाशी उभे राहून मागे १९२१ कडे पाहिले, म्हणजेच 'व्हेन रमाबाई डाइड, मनोरमा हॅड ऑलरेडी डाइड' हे वाक्य होते.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हीच गोष्ट मांडिली आहे. त्यांच्या मते क्रियापदाचा काळ तीन बिंदूंनी ठरतो : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जेथून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. आमच्या पत्रिकांवर पहिले दोन असतात. तिसरा बहुधा नसतो, आणि 'हॅड' तर त्या तिसऱ्यावरच अवलंबून आहे.

म्हणून शिरूर-दौंडकडील माझ्या शिक्षकबंधूंस व भगिनींस एवढेच सांगणे आहे की, जेथे 'हॅड' हवे असेल तेथे पाहण्याचे ठिकाण रेषेवर दाखवावे. दाखविले नसेल तर दोन्ही उत्तरांस गुण द्यावेत. विद्यार्थ्यांनीही एक कसोटी लक्षात ठेवावी. 'हॅड' लिहिण्यापूर्वी नंतरची फुली बोटाने झाकून पाहावी. ती झाकल्यावरही 'हॅड' लिहावेसे वाटले, तर ते रेषेतून आलेले नसून मराठीतल्या 'होते'मधून आले आहे असे समजावे, व खोडावे.

त्या मुलीचे कापलेले गुण मी दुसऱ्या दिवशी वर्गासमक्ष परत दिले.