भरलेल्या फळीतली रिकामी जागा

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीच्या आसपासच्या किराणा सुपरमार्केटांत गर्दी होते ती शिफ्ट सुटल्यावर, आणि त्यातही महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत. त्या तासा-दोन तासांत रॅक विस्कटतो. मग फ्लोअरवरचा मुलगा घाईघाईने माल पुढे ओढतो, मोकळी जागा शेजारच्या मालाने भरतो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. फोटोत फळी गच्च भरलेली दिसते. या अंकात आपण अशाच फोटोंबद्दल बोलतो आहोत, कारण आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी त्रुटी उघड्या खड्ड्यात नसते. ती भरलेल्या दिसणाऱ्या फळीत असते.

एक उदाहरण घेऊ. डोळ्यांच्या उंचीवरची ९० सेंटीमीटर रुंद फळी, तिच्यावर केसांच्या तेलाच्या ६ सेंटीमीटर रुंदीच्या बाटल्या, म्हणजे १५ फेसिंग. प्लॅनोग्रामप्रमाणे डावीकडून आवळा ५, बदाम ४, जास्वंद ३ आणि चमेली ३. फोटोत मात्र आवळा ५, बदाम ७, चमेली ३ दिसतात. एकूण १५, कुठेही फट नाही. फोटोत फक्त मोकळी जागा शोधणारी संगणक प्रणाली या फळीला पूर्ण गुण देईल. पण पट्टीवरची लेबले जागची हललेली नाहीत. डावीकडून ५४ सेंटीमीटरवर जास्वंदचे ७० रुपयांचे लेबल आहे आणि त्याच्या वर १०५ रुपयांचे बदाम तेल उभे आहे.

माल आणि लेबलेही वाचणाऱ्या प्रणालीच्या अहवालात याच्या तीन तक्रारी उमटतात : जास्वंद दिसत नाही, बदामच्या तीन बाटल्या चुकीच्या जागी आहेत, आणि लेबल मालाशी जुळत नाही. तीन माणसे तीन कामांना लागतात. त्यातला एक जण जास्वंदचे लेबल काढून तिथे बदामचे लावतो. तीनपैकी दोन तक्रारी मिटतात आणि जास्वंदची जागाच दुकानातून नाहीशी होते. पुढच्या ऑर्डरच्या वेळी ती कुणाला आठवतही नाही. प्रत्यक्षात कारण एकच होते : जास्वंद संपले. म्हणून तपासणीचा क्रम लेबलपासून सुरू व्हावा. आधी पट्टीवरची लेबले आणि त्यांच्या जागा वाचायच्या, मग प्रत्येक लेबलच्या वर कोणता माल आहे ते पाहायचे, आणि फट सगळ्यात शेवटी. एकाच लेबलशी निगडित सगळ्या तक्रारी एका नोंदीत बांधायच्या.

नोंद बांधल्यावर ती साठ्याशी ताडून पाहायची. संगणकात जास्वंद शून्य असेल तर प्रश्न ऑर्डरचा आहे. १२ बाटल्या दाखवत असेल तर तीन शक्यता उरतात : माल गोदामात पडून आहे, दुसऱ्या रॅकवर चुकून लागला आहे, किंवा फुटून वा चोरीला जाऊन फक्त हिशेबात उरला आहे. दुसरी शक्यता त्याच फेरीतल्या इतर फोटोंवरून तपासता येते. पहिली आणि तिसरी मात्र गोदामात जाऊन मोजल्याशिवाय कळत नाहीत. फोटोला फळीचा फक्त दर्शनी थर दिसतो. पुढे ओढलेल्या एका बाटलीमागे दहा आहेत की एकही नाही, हे समोरून काढलेल्या फोटोवरून ठरवता येत नाही.

माल ओळखण्याचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी. या क्षेत्रात २०१९ साली प्रसिद्ध झालेला एसकेयू-११०के हा फोटोसंच बराच वापरला जातो. त्यात एका फोटोत सरासरी १४० हून अधिक वस्तू आहेत, पण सगळ्यांना एकच नाव आहे : वस्तू. म्हणजे त्यावर तयार झालेली प्रणाली बाटली कुठे आहे ते सांगते. आवळा की बदाम, हे सांगायला वेगळा टप्पा लागतो. सारख्या बाटल्या खेटून उभ्या असल्या की दोन बाटल्यांच्या सीमेवर तिसरीच बाटली मोजली जाते. फळीची रुंदी माहीत असेल तर ही चूक पकडता येते, कारण ९० सेंटीमीटरमध्ये ६ सेंटीमीटरच्या १६ बाटल्या मावत नाहीत. सारख्याच वेष्टनातल्या लहान-मोठ्या बाटल्याही याच मापाने वेगळ्या करता येतात.

आता किंमत. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. दोन मीटर उंचीचा अख्खा रॅक त्यात उभा बसवला तर एका मिलिमीटरला दोन पिक्सेल मिळतात. लेबलवरचा १० मिलिमीटर उंचीचा किमतीचा आकडा २० पिक्सेलचा होतो आणि वाचता येतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. आकडा आठ पिक्सेलचा उरतो आणि तीन, आठ, शून्य यांत गोंधळ सुरू होतो. म्हणून रॅकचा वरचा आणि खालचा भाग असे दोन फोटो समोरून घ्यावेत, मधली एक फळी दोन्हींत यावी, आणि फाइल मूळ आकारातच पाठवावी. वडोदऱ्यात आणखी एक सावधगिरी हवी. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर गुजराती आकडे असतील तर गुजराती एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. छापील इंग्रजी आकड्यांवर शिकलेले यंत्र तिथे हमखास फसते.

फोटो कितीही स्वच्छ असला तरी लेबलची किंमत बिलिंगच्या यादीशीच ताडता येते, बाटलीवरच्या एमआरपीशी नाही. एमआरपी बहुधा मागे, तळाशी किंवा झाकणाजवळ बारीक अक्षरांत असते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी केसांचे तेल, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हा फरक फार जाणवला. ११८ रुपयांत १०० मूळ किंमत आणि १८ कर धरला, तर नव्या दराने तीच बाटली १०५ रुपयांची होते. न विकलेल्या मालावर सुधारित किमतीचे स्टिकर लावायला सरकारने मुभा दिली, पण जुनी छापील किंमत झाकायची नाही, असे सांगितले. बारकोड तोच, एमआरपी दोन. अशा मालासाठी फोटोत लेबल बरोबर दिसले तरी प्रत्येक फेसिंगमधली पुढची आणि सगळ्यात मागची बाटली हातात घेऊन पाहावी, आणि बिलिंगमध्ये एका बारकोडवर किती किमती उघड्या आहेत ते तपासावे. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणे वैधमापन नियमांनुसार गुन्हा आहेच. पण ७० च्या लेबलवरून उचललेल्या बाटलीचे १०५ घेतले, तर कायद्याआधी गिऱ्हाईक काउंटरवर जाब विचारते.

फ्लोअर मॅनेजरांना आमचे एवढेच सांगणे आहे : संपलेल्या मालाची जागा शेजारच्या मालाने भरू देऊ नका आणि त्याचे लेबल काढू देऊ नका. रिकामी जागा दाखवणाऱ्या फोटोबद्दल कुणाला बोलणी बसत असतील, तर ती आधी बंद करा. बोलणी टाळायलाच मुले फळी भरतात, आणि अशा भरलेल्या फळीचा फोटो ऑर्डर देणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नसतो.