आधी दूध बदला, मग पावडर

व्हे प्रोटीनचा शेक प्यायल्यावर पोट फुगलं, गुरगुरलं की जिममधला सल्ला ठरलेला असतो: कॉन्सन्ट्रेट सोड, आयसोलेट घे. आयसोलेट बरंच महाग असतं, म्हणून आधी हिशेब मांडून पाहू. गाईच्या 100 मिली दुधात सुमारे पावणेपाच ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे 300 मिली दुधात जवळपास 14 ग्रॅम. साधारण 80 टक्के प्रथिनं असलेल्या कॉन्सन्ट्रेटच्या 30 ग्रॅमच्या स्कूपमधून त्यात भर पडते ती दीड-दोन ग्रॅमची. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोजचा फारसा त्रास होत नाही. म्हणजे ही मर्यादा ओलांडली ती दुधाने. त्याच दुधात आयसोलेट घातलं, तर खर्च वाढेल आणि पोट तसंच राहील.

म्हणून पहिला प्रयोग स्वस्तातला करावा. तीच पावडर आठवडाभर पाण्यातून घ्यावी. त्रास थांबला, तर पावडर निर्दोष. पाण्यातला शेक पानचट लागतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी लॅक्टोज-फ्री दूध आहे. त्यात लॅक्टेज हे विकर घालून लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये आधीच विघटन केलेलं असतं. त्यामुळे ते किंचित गोड लागतं, पण एकूण साखर तेवढीच राहते. मधुमेहींनी तेवढं ध्यानात ठेवावं.

पाण्यातूनही त्रास होतो, असं काहीजण म्हणतील. काहींचं पोट खरोखर तेवढं नाजूक असतं आणि आयसोलेट त्यांच्यासाठीच आहे: प्रथिनं 90 टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज स्कूपमागे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आत. पण डब्यावरच्या ठळक नावावर विसंबू नये. घटकांच्या यादीत कॉन्सन्ट्रेट आधी आलं असेल, तर ते मिश्रण समजावं. दुसरा संशयित म्हणजे इन्युलिनसारखे तंतू आणि माल्टिटॉलसारखे गोडवा आणणारे पदार्थ. तेही आतड्यात आंबतात आणि वायू करतात. ते असलेलं आयसोलेट घेतलं, तर जुनाच त्रास नव्या डब्यातून येईल.

मग सरळ वाटाण्याचं किंवा सोयाचं प्रोटीन का घेऊ नये? जरूर घ्यावं. स्नायूंच्या बांधणीला चालना देणारं ल्युसिन त्यांत व्हेपेक्षा कमी असतं, पण स्कूप थोडा मोठा घेतला की बरीचशी उणीव भरून निघते. मात्र वाटाण्याच्या पावडरीनेही काहींना गॅस होतो. एका बाबतीत मात्र हा पर्याय निवडावाच लागतो. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं ही लक्षणं दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीची असू शकतात. तिथे आयसोलेट उलट धोक्याचं, कारण त्यात तेच प्रथिन अधिक असतं. अशा वेळी घरचे प्रयोग थांबवून डॉक्टर गाठावा.