विश्लेषण : ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’… मनाली-लेह मार्गावर पेट्रोलचा हिशेब कसा मांडावा?

मनालीहून लेहला जाताना अटल बोगद्यातून बाहेर पडले की लाहौलचे खोरे लागते. तिथून थोड्या अंतरावर तांदी हे छोटेसे गाव आहे. चंद्रा आणि भागा या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि चंद्रभागा म्हणजेच चिनाब होऊन पुढे जातात. पंढरपूरच्या चंद्रभागेशी या नदीचा काही संबंध नाही, पण नाव वाचून महाराष्ट्रातला दुचाकीस्वार क्षणभर थबकतोच. त्याहून जास्त वेळ तो थबकतो तांदीच्या पेट्रोल पंपावरच्या पाटीपुढे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असे ती पाटी सांगते. पाटीसोबत छायाचित्र काढले जाते, टाकी भरली जाते आणि गाड्या निघतात. छायाचित्र जरूर काढावे, पण पाटीवरच्या आकड्याचा हिशेब मात्र फार थोडे जण करतात. बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडींच्या या रस्त्यावर पेट्रोल संपणे म्हणजे केवळ खोळंबा नव्हे. विरळ हवेत, शून्याखाली जाणाऱ्या तापमानात उघड्यावर रात्र काढावी लागणे जिवावर बेतू शकते.

३६५ हा आकडा नेमका कशाचा?

तो तांदी ते लेह या अंतराचा आहे. प्रत्यक्षात लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर आधी कारू इथे पंप आहे. म्हणजे गाठायचे अंतर साधारण ३३० किलोमीटर. ही ३५ किलोमीटरची सूट ऐकून अनेकांना हायसे वाटते. ते वाटू देऊ नये. मधल्या पट्ट्यात नवा पंप सुरू झाल्याचे कोणी सांगितले तरी हिशेब कारूपर्यंतचाच धरावा. मध्ये काही मिळाले तर तो लाभ समजावा. सरचू, पांग इथल्या ढाब्यांवर कॅनमधले पेट्रोल चढ्या भावाने कधी कधी मिळते. ते मिळेलच याची खात्री नसते आणि त्यात काय मिसळले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. ज्या नियोजनात ढाब्यावरचे पेट्रोल गृहीत धरलेले असते, त्याला नियोजन म्हणणेच चूक आहे.

घरचे ॲव्हरेज इथे का चालत नाही?

समजा, एका साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलची टाकी १३ लिटरची आहे आणि पुण्यात ती लिटरला ३५ किलोमीटर धावते. कागदावर ४५५ किलोमीटर झाले, मग चिंता कसली? पण पुण्यात ती एकट्या स्वाराला घेऊन सपाट रस्त्यावर धावत असते. इथे मागे सहप्रवासी असतो, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असतात आणि रस्ता तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत राहतो. नाल्यांचे पाणी ओलांडायचे असते, रस्त्याचे काम चालू असेल तर रांगेत थांबायचे असते, पहाटे गारठलेले इंजिन तापवत ठेवायचे असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला आणखी एक त्रास होतो. उंचीवर हवा विरळ होते, पण कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी सोडत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काळा पडतो, ताकद घटते आणि पेट्रोल वाया जाते. इंधन-इंजेक्शनची गाडी हे प्रमाण स्वतः सांभाळते. ताकद तिचीही कमी होतेच. त्यामुळे खालच्या गिअरपासून तिचीही सुटका नाही.

म्हणून आकडा घरून आणू नये, वाटेत मोजावा. त्यासाठी मंडी ते मनाली हा टप्पा सोयीचा आहे. मंडीत टाकी काठोकाठ भरायची, अंतरमापक शून्यावर आणायचा आणि पूर्ण सामानानिशी मनाली गाठून पुन्हा काठोकाठ भरायची. समजा ११० किलोमीटरला ३.९ लिटर लागले, तर ॲव्हरेज २८ झाले. पुढचा रस्ता याहून खडतर, म्हणून त्यातून दहा टक्के वजा करून २५ धरावे. आता त्याच १३ लिटरचे ३२५ किलोमीटर होतात. कारू ३३० वर आहे. पुण्यात सव्वाशे किलोमीटर शिल्लक दाखवणारी गाडी इथे पंपाच्या पाच किलोमीटर अलीकडे बंद पडते. शिवाय टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल चढावर इंजिनपर्यंत पोहोचत नाही, ते निराळेच.

गटाने जाणाऱ्यांनी हा हिशेब सर्वांत कमी पल्ल्याच्या गाडीवर करावा. गटाची सरासरी काढून कोणाचीच टाकी भरत नाही.

कॅन किती, कसला आणि कधी रिकामा करायचा?

वरच्या उदाहरणात पाच लिटरचा एक कॅन पुरेसा आहे. १८ लिटरचे ४५० किलोमीटर होतात. दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटर लटकवून जाणारेही दिसतात. त्यांचे वजनच त्यांचे पेट्रोल खाते आणि पडझड झाली तर धोका वाढतो. कायद्याचीही मर्यादा आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना नेता येते, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवे आणि भांडे धातूचे असेल तर त्याची क्षमता २५ लिटरहून जास्त नसावी. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या यात कुठेच बसत नाहीत, तरी दरवर्षी त्या दोरीने बांधलेल्या दिसतात.

कॅन तांदीला नव्हे, मनालीतच भरावा. तांदीला पेट्रोल नसेल किंवा पंपाची वीज गेलेली असेल, तर अडचण तिथे पोहोचल्यावर कळून उपयोग नाही. मनालीत टाकी आणि कॅन दोन्ही भरून निघाले, की तांदीला फक्त साठेक किलोमीटरची तूट भरायची उरते. भरताना कॅन जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडण्याचा धोका टळतो. वर थोडी जागा मोकळी सोडावी. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. बाहेरचा हवेचा दाब बराच उतरतो आणि कॅन फुगतो. तो गरम इंजिनपासून दूर, झाकण हळूहळू सैल करत उघडावा, नाहीतर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो.

पण कॅन उघडायचा कधी, यावर बहुतेकांची चूक होते. गाडी बंद पडेपर्यंत तो जपून ठेवला जातो. खरे तर तांदीपासून सुमारे ११५ किलोमीटरवरच्या सरचूला, टाकीत जागा होताच तो ओतावा. याचे कारण फक्त वजन कमी होणे एवढेच नाही. तांदीला टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर हा कॅन मापाचे काम करतो. पाच लिटर ओतून टाकी पुन्हा काठाला आली, तर ११५ किलोमीटरला पाच लिटर लागले, म्हणजे ॲव्हरेज २३. पुढे कारूपर्यंत २१५ किलोमीटर उरले. त्याला साडेनऊ लिटरच्या आत लागतील आणि टाकीत १३ आहेत. कॅनमध्ये थोडे शिल्लक राहिले तर अंदाजापेक्षा चांगले चालले आहे. पाच लिटर ओतूनही टाकी काठाला आली नाही, तर मात्र इथेच विचार करावा. कुठे गळती आहे का पाहावे, वेग उतरवावा, अनावश्यक सामान दुसऱ्या गाडीवर द्यावे. इंधनकाट्यावर विसंबण्यापेक्षा हे माप कितीतरी खरे. चढ-उतारावर आणि बाजूच्या स्टँडवर काटा हवे ते दाखवतो.

परतीचे पेट्रोल मोजले का?

हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पेट्रोल कारूपर्यंत पुरेल, पण रस्ता तिथपर्यंत उघडा असेल का? जून-सप्टेंबरमध्येही खिंडीत बर्फ पडतो, दरड कोसळते, नाला रस्ता वाहून नेतो. अशा वेळी मागे फिरावे लागते आणि मागे पंप तांदीलाच असतो.

हिशेब साधा आहे. ४५० किलोमीटरचा पल्ला असेल तर परत फिरण्याची हद्द त्याच्या निम्म्यावर, म्हणजे तांदीपासून २२५ किलोमीटरवर. पांग साधारण १९५ किलोमीटरवर आहे. तिथून मागे वळले तर तांदी गाठून साठेक किलोमीटरचे पेट्रोल उरते. पांगच्या पुढे मोरे पठार लागते, आणि परतीची हद्द त्या सपाट, मोहात पाडणाऱ्या रस्त्यावरच निघून जाते. तांगलांग ला त्याच्याही पुढे, सुमारे २५५ किलोमीटरवर. खिंडीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर ती बंद असल्याचे कळले, तर पुढे जाता येत नाही आणि परतीला पेट्रोल अपुरे पडते. कॅन नसता तर ही हद्द १६२ किलोमीटरवरच, पांगच्या बरीच अलीकडे संपली असती. पाच लिटरचे खरे मोल हे आहे.

त्यामुळे निर्णय पांगला घ्यायचा. लेहकडून आलेल्या ट्रकचालकांना तांगलांग लाबद्दल विचारावे. त्यांनी ती काही तासांपूर्वीच ओलांडलेली असते. शंका असेल तर पांगला थांबण्यापेक्षा मागे सरचूला उतरणे बरे, कारण पांग साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे झोपणे अनेकांना सोसत नाही. मात्र त्या फेरीचे १६० किलोमीटरही पेट्रोलच्या हिशेबात धरावे लागतात. फोनवर विचारू, असे म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही आणि याच कारणाने खिशात रोकडही हवी.

तांदीला पेट्रोल नसेलच तर? मनालीहून भरून आणलेल्यावर कारू गाठता येते, पण परतीची सोय जवळपास उरत नाही. त्या दिवशी आठ किलोमीटरवरच्या केलाँगला मुक्काम करावा.

मोटारींचे काय?

४० लिटरच्या टाकीची आणि या रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर देणारी मोटार ४८० किलोमीटर जाते. तिला कॅनची गरज नाही आणि बंद काचांच्या आत पेट्रोलची वाफ घेऊन जाणे धोक्याचे आहे. तिने फक्त तांदीला टाकी भरावी आणि परतीची हद्द २४० किलोमीटरवर आहे हे लक्षात ठेवावे.

एक काम मात्र प्रवाशांच्या हातातले नाही. तांदीच्या पंपावर आज साठा आहे की नाही, हे मनालीतल्या पंपांवर आणि बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी रोज सकाळी फलकावर लिहिणे अवघड नाही. तेल कंपन्या आणि हिमाचल प्रशासनाने ते करावे. पांगला तांगलांग लाची स्थिती सांगणारा असाच फलक लागला, तर मोरे पठारावरून मागे वळणाऱ्या गाड्या कमी होतील.