बाण तिथेच का गेला?

बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे सेमिनार घेणाऱ्या आणि देणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. ‘उत्पादित काय मिळेल?’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नका. उत्पादित आधीच लिहून द्या आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर ‘हे का झालं?’ असं विचारा. नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून सगळ्यांना पाठ असलेलीच एक अभिक्रिया घेऊ. अ‍ॅसिटिक आम्ल, इथेनॉल आणि थोडं तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवलं की इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी मिळतं. एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही रीत. उत्तर बारावीचा विद्यार्थीही सांगेल. अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

पहिला प्रश्न प्रोटॉनचा. अ‍ॅसिटिक आम्लात दोन ऑक्सिजन आहेत: एक कार्बनशी दुहेरी बंधानं जोडलेला, दुसरा OH मधला. मग प्रोटॉन दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर का बसतो? ‘तिथे स्थिर होतो म्हणून’ हे उत्तर मी अनेक वर्षं ऐकत आलो आहे. ते चूक नाही, पण अपुरं आहे. त्यावर लगेच विचारा, ‘कशाच्या तुलनेत स्थिर?’ आता विद्यार्थ्याला दोन्ही आकृत्या काढाव्याच लागतात. प्रोटॉन दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर बसला, तर धनभार दोन्ही ऑक्सिजनांत वाटला जातो, कारण OH च्या ऑक्सिजनची मोकळी इलेक्ट्रॉन जोडी मदतीला येते. तोच प्रोटॉन OH वर बसला, तर ती जोडी प्रोटॉनशी बांधली जाते, वाटणी मोडते आणि धनभार एका जागी अडकतो. हे दोन्ही चित्रांवरून दाखवता आलं की उत्तर पूर्ण झालं.

दुसरा प्रश्न: प्रोटॉन मुळात हवाच कशाला? इथेनॉल सरळ कार्बनवर का जात नाही? इथेनॉलची इलेक्ट्रॉन जोडी फारशी आक्रमक नाही आणि आम्लातल्या कार्बनची इलेक्ट्रॉनांची भूक शेजारच्या OH नं बरीच भागवलेली असते. प्रोटॉन बसला की ती भूक वाढते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे विद्यार्थी इथेनॉलऐवजी इथॉक्साइड आयन काढतात. त्यांना विचारा, सल्फ्युरिक आम्ल असलेल्या चंबूत इथॉक्साइड किती वेळ टिकेल? आणि मुद्दाम अल्कली घालून इथॉक्साइड दिलं तर? ते कार्बनपर्यंत पोचण्याआधी आम्लाचा प्रोटॉन काढून घेईल. उरलेल्या अ‍ॅसिटेट आयनावर ऋणभार असतो, त्यामुळे त्याच्या कार्बनकडे दुसरा ऋण आयन सहसा फिरकत नाही. म्हणून ही रीत आम्लातच चालते.

याच प्रश्नाला जोडून एक छोटा प्रश्न मला फार आवडतो. थोड्या आम्लानं वेग वाढतो, तर भरपूर आम्लानं आणखी वाढेल का? एका मर्यादेनंतर नाही. आम्ल फार झालं की इथेनॉलच मोठ्या प्रमाणात प्रोटॉन घेऊन बसतं आणि हल्ला करायला त्याच्याकडे मोकळी जोडी उरत नाही. उत्प्रेरक थोडाच का घालतात, हे पाठांतरातून कधी उलगडत नाही.

आता चार हातांच्या मध्यस्थाकडे या. इथेनॉल कार्बनला जोडलं गेलं आणि त्याचा प्रोटॉन गेला की कार्बनवर दोन OH आणि एक इथॉक्सी गट असतो. पुढे पाणीच का निघून जातं, इथेनॉल का नाही? ‘एस्टर व्हायचं असतं म्हणून’ हे उत्तर आलं, तर तिथेच थांबवा. रेणूला काहीच व्हायचं नसतं. प्रोटॉन या ऑक्सिजनवरून त्या ऑक्सिजनवर फिरत राहतो. OH वर बसला की त्याचं पाणी होतं, आणि पाणी हा सहज निघून जाणारा गट आहे. नुसतं हायड्रॉक्साइड तसं नाही. तोच प्रोटॉन इथॉक्सीवर बसला तर इथेनॉल निघून जातं आणि आपण होतो तिथे परत येतो. दोन्ही वाटा सतत चालू असतात.

मग अभिक्रिया पुढे जाते ती कशामुळे? इथे आकडेमोड करून घ्या. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण ४ आहे. एक मोल आम्ल आणि एक मोल इथेनॉल घेतलं तर सुमारे दोन तृतीयांश मोल एस्टर होऊन गाडी थांबते. इथेनॉल दहा मोल घेतलं तर ९७ टक्क्यांच्या आसपास आम्लाचं एस्टर होतं. जास्त अल्कोहोल घ्या किंवा पाणी काढत राहा, हे सांगण्यामागचं कारण एवढंच आहे.

आता पुराव्याचा प्रश्न. बाहेर पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा की अल्कोहोलचा? उत्पादित पाहून हे कळायला मार्ग नाही, कारण दोन्ही वाटांनी तेच एस्टर आणि तेच पाणी मिळतं. इर्विंग रॉबर्ट्स आणि हॅरल्ड युरी यांनी १९३८ मध्ये जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढवलेलं मेथॅनॉल बेंझॉइक आम्लाबरोबर वापरलं. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये राहिला, पाणी साधंच निघालं. म्हणजे OH आम्लाचा गेला. हा प्रयोग सांगण्याआधी मुलांनाच विचारा, ‘तुम्ही कसं ओळखलं असतं?’ आणि दहा मिनिटं शांत बसा.

शेवटचा प्रश्न अपवादाचा, आणि सेमिनारचा खरा वेळ त्याला द्या. बेंझॉइक आम्लाच्या कड्यावर कार्बॉक्सिल गटाच्या दोन्ही शेजारी आणि समोर एकेक मिथाइल गट असेल, तर मेथॅनॉल आणि थोड्या आम्लाबरोबर तापवून जवळजवळ काहीच होत नाही. मात्र तेच आम्ल तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून थंड मेथॅनॉलमध्ये ओतलं, तर एस्टर चांगलं मिळतं. मेल्विन न्यूमन यांनी ही रीत १९४१ मध्ये दिली. असं का?

शेजारचे दोन मिथाइल कार्बॉक्सिलला कड्याच्या पातळीतून बाहेर वळवतात आणि अल्कोहोलची वाट अडवतात. चार हातांचा मध्यस्थ तर त्या गर्दीत मावतच नाही. तीव्र आम्लात वेगळंच घडतं. OH पाणी होऊन आधीच निघून जातो आणि मागे सरळ रेषेतला धन आयन उरतो. त्याला कड्याचा आणि मिथाइल गटांचा इलेक्ट्रॉन-आधार मिळतो, आणि मेथॅनॉलला कड्याच्या वरून किंवा खालून येण्यासाठी वाट मोकळी होते. मग साधं अ‍ॅसिटिक आम्ल नेहमीच्या रीतीत हा रस्ता का धरत नाही? कारण त्याच्या धन आयनाला कड्याचा आधार नाही. पहिल्या प्रश्नात OH वर प्रोटॉन बसण्याची जी वाट आपण बाजूला ठेवली, तीच इथे उपयोगी पडली. हे ज्या विद्यार्थ्याच्या आपणहून लक्षात येतं, त्याला मी पूर्ण गुण देतो, मग त्याचा एखादा बाण वाकडा असला तरी चालेल.

येत्या सेमिनारला एकच अभिक्रिया घ्या. उत्पादित फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून मोकळे व्हा, आणि पहिल्या बाकावर न विचारता शेवटच्या बाकावर विचारा: दोन ऑक्सिजन आहेत, प्रोटॉन याच्यावरच का बसला?