लाल शाईची मर्यादा

विद्यार्थ्याचा अहवाल तपासताना त्याची वाक्ये दुरुस्त करावीत की नाहीत, याबद्दल शिक्षकांत मतभेद नाही. करावीतच. मतभेद आहे तो दुरुस्ती कोठे थांबवावी याविषयी. मीही पुष्कळ वर्षे ही मर्यादा ओलांडीत आलो आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही. एका विद्यार्थिनीने ते मला दाखवून दिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाचोडला मोसंबीचा बाजार भरतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या आमच्या मुलांना मोसंबीविषयी पुस्तकातून शिकावे लागत नाही. प्रकल्पासाठी 'आमच्या गावातील फळबागा' हा विषय घेतलेल्या एका मुलीच्या अहवालात पुढील वाक्य होते :

'२०१२ साली पाऊस कमी झाला, विहिरी आटल्या काही शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घातले त्यांच्या बागा वाचल्या, बाकीच्यांच्या बागा वाळल्या, वाचलेल्या बागा शेतकऱ्यांनी तोडल्या गेल्या वर्षी भाव मिळाला नाही, आता लोक कापूस लावतात.'

हे एक वाक्य नव्हे. क्रियापदांखाली रेघा ओढून पाहा : झाला, आटल्या, घातले, वाचल्या, वाळल्या, तोडल्या, मिळाला नाही, लावतात. आठ पूर्ण क्रियापदे, म्हणजे आठ वाक्ये. त्यांच्यामध्ये सात सांधे. चार सांध्यांवर नुसता स्वल्पविराम आहे आणि तीन सांध्यांवर काहीच नाही. दोष शोधण्याची ही रीत साधी आहे. मात्र रेघ ओढावयाची ती पूर्ण क्रियापदाखालीच. 'आटल्यावर', 'घालून', 'वाळताना' ही रूपे वाक्य पुरे करीत नाहीत. त्यांच्यापुढे स्वल्पविराम आला तर बिघडत नाही. तसेच 'तो आला, बसला, जेवला' यातही दोष नाही. कर्ता एक, क्रिया लहान आणि ओळीने घडलेल्या. तेथे मराठीला स्वल्पविराम पुरतो. दोष उपजतो तो कर्ता बदलला, काळ बदलला, आणि तरीही वाक्य थांबले नाही म्हणजे.

मुले असे का लिहितात? ती कानाने लिहितात. बोलताना जेथे दम घेतला, तेथे स्वल्पविराम. घेतला नाही, तेथे काहीच नाही. यात त्यांना हसण्याजोगे काही नाही. आपल्या पूर्वजांची मोडी तर शब्दांमध्येही जागा न सोडता धावत असे. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने. बोलताना आवाज आणि हात जे काम करतात, ते कागदावर या चिन्हांना करावे लागते.

आता माझी चूक सांगतो. त्या वाक्याचा शेवट मी लाल शाईने असा केला : 'वाचलेल्या बागाही शेतकऱ्यांनी तोडल्या, कारण गेल्या वर्षी भाव मिळाला नाही, म्हणून आता लोक कापूस लावतात.' वाक्य कसे बांधेसूद झाले! मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "सर, मी असं लिहिलं नव्हतं."

"अगं, तुझंच आहे. मी फक्त वाक्य नीट केलं."

"नाही सर. बागा गेल्या वर्षी तोडल्या. भाव तर त्याच्या आधीपासूनच मिळत नव्हता. आणि कापूस लोक दुष्काळातच लावायला लागले होते, बागा तोडल्या म्हणून नाही."

मी पुन्हा मूळ वाक्य वाचले. 'तोडल्या गेल्या वर्षी भाव मिळाला नाही.' 'गेल्या वर्षी' हे दोन शब्द दोन वाक्यांच्या मधोमध उभे होते. मागच्या वाक्याचे धरले तर बागा तोडल्याचे वर्ष कळते, पुढच्याचे धरले तर भाव पडल्याचे. मी विचारले नाही. माझ्या सोयीने ते पुढे ढकलले. त्यावर 'कारण' आणि 'म्हणून' असे दोन शब्द पदरचे घातले. हे शब्द दिसायला लहान, पण प्रत्येक शब्द म्हणजे एक विधान आहे. 'कारण' लिहिणारा कार्यकारणभाव सांगत असतो आणि त्याला तो ठाऊक असावा लागतो. मला ठाऊक नव्हता. मी मोसंबी फक्त विकत घेतलेली.

यावरून मी जे शिकलो ते असे. वाक्ये सुटी करण्याची साधने सारख्या वजनाची नाहीत. पूर्णविराम काहीच नवे सांगत नाही. अर्धविराम एवढेच सुचवितो की ही दोन वाक्ये शेजारी आहेत. 'आणि' त्याहून थोडे अधिक बांधतो. 'पण', 'कारण', 'म्हणून' हे तर लेखकाच्या वतीने साक्ष देतात. 'विहिरी आटून बागा वाळल्या' असे '-ऊन' जोडणेही त्यातलेच. ते गुपचूप कारण सांगते. तेव्हा तपासनिसाने पहिल्या दोन साधनांवर थांबावे. त्यापलीकडचा शब्द हवासा वाटला तर समासात प्रश्न लिहावा : 'यांचा संबंध काय?' उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य पुन्हा लावले :

'२०१२ साली पाऊस कमी झाला, विहिरी आटल्या. काही शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घातले. त्यांच्या बागा वाचल्या. बाकीच्यांच्या बागा वाळल्या. वाचलेल्या बागा शेतकऱ्यांनी गेल्या वर्षी तोडल्या. भाव मिळाला नाही. आता लोक कापूस लावतात.'

एकही शब्द वाढला नाही, एकही गळला नाही. 'गेल्या वर्षी' तेवढे तिला विचारून आपल्या जागी बसविले. वाक्ये थोडी तुटक वाटतात, हे मान्य. काही सहकारी म्हणतील की यात प्रवाह नाही. माझे म्हणणे असे की तो प्रवाह तिने आणावयाचा आहे. मी आणला तर तो अहवाल माझा होतो.

आमच्याच तालुक्याच्या गावी, पैठणला, नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हाती आलेल्या प्रतींत पाठ बिघडलेले होते. ते त्यांनी नीट केले. त्यांची योग्यता काय वर्णावी! स्वतःच्या हजारो ओव्या लिहिणारा तो पुरुष. तरी या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी शेवटी बजावून ठेवले. आमची लाल शाई त्यापुढे काय?

आता उरले ते एवढेच. 'बागा तोडल्या' आणि 'भाव मिळाला नाही' यांच्या समासात मी प्रश्न लिहिला : 'एवढ्या कष्टाने वाचविलेली बाग का तोडली?' मुलगी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच्या पेनने एक वाक्य भर घातली : 'आमच्या टँकरच्या पाण्याचे कर्ज फिटले नव्हते, म्हणून वडिलांनी बाग तोडली.'

'म्हणून' हा शब्द तिने लिहिला. तो तिचाच होता. त्याच्या मागे तिने पूर्णविराम दिला होता, आणि तो जागच्या जागी होता.